परदेशी वर्गणीदाराचं बिल: जीएसटी शून्य कधी, व्हॅट किती, आणि कागदावर काय लिहायचं

सांगली-मिरजेकडून परदेशात ऑनलाइन वर्गणी विकणाऱ्यांची बिलं पाहिली की दोन चुका हमखास सापडतात. कुणी जर्मनीच्या ग्राहकाला 18 टक्के जीएसटी लावून मोकळा होतो. कुणी 'निर्यात आहे, टॅक्स नाही' म्हणून बिलावर शून्य लिहितो आणि विषय संपला असं समजतो. पहिल्याचे पैसे विनाकारण जातात. दुसऱ्याची अडचण मोठी असते, कारण आपला जीएसटी शून्य असला तरी ग्राहकाच्या देशाचा कर, युरोपात म्हणजे व्हॅट, तिथेच राहतो, आणि तो गोळा करून भरायची जबाबदारी विकणाऱ्यावर असते.

हे नीट कळावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. मिरजेतल्या एका तंतुवाद्याच्या दुकानाने तंबोरा लावणं आणि जवारी काढणं शिकवणारे व्हिडिओ आपल्या वेबसाइटवर ठेवले आहेत. वर्गणी महिन्याला 11.90 युरो. तीन ग्राहक येतात: म्युनिकमधली एक हौशी विद्यार्थिनी, हॅम्बुर्गमधली एक संगीतशाळा, आणि फ्रँकफुर्टला राहणारा सांगलीचाच एक मुलगा, ज्याची वर्गणी घरचे भरतात. माल तोच, किंमत तीच, पण तिघांची बिलं तीन प्रकारची होतात.

इथे रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंचाच विचार आहे. समोरासमोर ऑनलाइन शिकवणीला युरोपात वेगळे नियम लागतात. ती याच वर्गणीत जोडून विकत असाल तर किंमत आधी दोन भागांत लिहा.

## टप्पा 1: कायद्याने विक्रेता कोण, ते ठरवा

वर्गणी तुमच्या वेबसाइटवर विकली जाते, की एखाद्या अ‍ॅप स्टोअरवर? युरोपात साधारण नियम असा की अ‍ॅप स्टोअरमधून ग्राहकाला डिजिटल सेवा विकली गेली, तर स्टोअरच विक्रेता मानलं जातं. व्हॅट स्टोअर गोळा करतं आणि भरतं. तुमचा ग्राहक मग म्युनिकची विद्यार्थिनी नसते, ते स्टोअर असतं. तुमचं बिल स्टोअरच्या नावाने निघतं आणि त्यावर युरोपीय व्हॅटची ओळ येत नाही.

तपासा: स्टोअरशी झालेल्या करारावर कोणत्या कंपनीचं नाव आणि कोणत्या देशाचा पत्ता आहे? ती भारतात नोंदलेली कंपनी असेल तर तुमचा व्यवहार देशी आहे. ग्राहक जर्मन असला तरी तुमची ती निर्यात होत नाही.

पेमेंट गेटवे म्हणजे स्टोअर नव्हे. गेटवे फक्त पैसे आणून देतो, विक्रेते तुम्हीच राहता. ही गल्लत फार होते. 'गेटवे टॅक्स बघतो' असं कुणी सांगितलं तर करारात ते वाक्य कुठे आहे ते शोधा. बहुधा सापडत नाही. पुढचे सगळे टप्पे स्वतःच्या वेबसाइटवरून विकणाऱ्यांसाठी आहेत.

## टप्पा 2: पहिल्या बिलाच्या आधीची कागदपत्रं

आपल्याकडची. महाराष्ट्रात सेवा विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. या 20 लाखांत निर्यातही मोजली जाते. नोंदणी असेल तर पोर्टलवर `GST RFD-11` भरून एलयूटी घ्या. कर न भरता निर्यात करण्याचं हे हमीपत्र आहे. ते एका आर्थिक वर्षापुरतं असतं आणि 31 मार्चला संपतं.

इशारा: एप्रिलची वर्गणी आपोआप कापली जाते, बिलं आपोआप निघतात, आणि त्यांवर गेल्या वर्षीचा एलयूटी क्रमांक तसाच छापला जातो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नवा एलयूटी घ्या आणि बिलाच्या नमुन्यातला क्रमांक त्याच दिवशी बदला. उशीर झालाच तर लगेच भरा. उशिरा भरलेला एलयूटी मागच्या तारखेपासून ग्राह्य धरण्याची मुभा 2018 च्या परिपत्रक 37 मध्ये आहे, पण ती मागावी लागते.

युरोपाकडची. 20 लाखांची सवलत युरोपात चालत नाही. युरोपीय युनियनमधल्या विक्रेत्यांना 10,000 युरोंची एक मर्यादा मिळते, युनियनबाहेरच्या विक्रेत्याला ती मिळत नाही. म्हणजे मिरजेच्या दुकानाने म्युनिकच्या विद्यार्थिनीला पहिली वर्गणी विकली, त्याच दिवसापासून जर्मन व्हॅट लागू होतो.

त्यासाठी सत्तावीस देशांत नोंदणी करायची गरज नाही. युनियनबाहेरच्या विक्रेत्यांसाठी 'नॉन-युनियन वन स्टॉप शॉप' ही योजना 1 जुलै 2021 पासून या रूपात आहे. कोणताही एक सदस्य देश निवडून नोंदणी करायची. इंग्रजीत काम होतं म्हणून आयर्लंड सोयीचा पडतो. नोंदणी झाली की `EU` आणि त्यापुढे नऊ अंक असा क्रमांक मिळतो. तिमाहीत एकच रिटर्न भरायचं, पैसे एकाच देशाला द्यायचे, तो देश ते पुढे वाटतो.

नोंदणी साधारणपणे पुढच्या तिमाहीच्या पहिल्या दिवसापासून लागू होते. त्याआधीच विक्री झाली असेल तर पहिल्या विक्रीच्या पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवलं, की नोंदणी त्या पहिल्या विक्रीपासून धरली जाते. ही 10 तारीख चुकली तर मधल्या विक्रीसाठी त्या त्या देशाकडे स्वतंत्रपणे जावं लागतं. म्हणून वेबसाइटवर युरो दिसायच्या आधीच अर्ज करा.

ब्रिटन या योजनेत नाही. तिथे 20 टक्के व्हॅट आहे, परदेशी विक्रेत्याला सुरुवातीची सूट नाही आणि नोंदणी वेगळी करावी लागते.

## टप्पा 3: ग्राहक कुठला आणि कोण, हे पैसे घेण्याआधी विचारा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पैसे आल्यावर पत्ता विचारला तर उत्तर येत नाही, आणि पत्त्याशिवाय दर ठरत नाही. वर्गणीच्या फॉर्मवर देश, पूर्ण बिलिंग पत्ता आणि 'व्यवसायासाठी घेत असाल तर व्हॅट क्रमांक' एवढ्या जागा हव्यात. त्याखेरीज कार्ड कोणत्या देशात दिलेलं आहे आणि आयपी पत्ता कुठला आहे, या दोन गोष्टी सिस्टिमने आपोआप साठवायला हव्यात.

युरोपसाठी ग्राहकाच्या देशाचे एकमेकांशी जुळणारे दोन पुरावे लागतात. म्युनिकच्या विद्यार्थिनीचा पत्ता जर्मनीचा, कार्ड जर्मन बँकेचं, आयपी मात्र नेदरलँड्सचा दिसतो, कारण ती व्हीपीएन वापरते. दोन पुरावे जुळले, देश जर्मनी. पण पत्ता जर्मनी, कार्ड ऑस्ट्रिया आणि आयपी पोलंड असं आलं तर अंदाज बांधू नका. ग्राहकाला मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. या योजनेतल्या नोंदी 10 वर्षं ठेवाव्या लागतात.

आपल्या कायद्यातही असाच दोन पुराव्यांचा नियम आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य आणि परदेशी व्यवहारांवरचा जीएसटी, त्याच्या कायद्याच्या कलम 13(12) मध्ये सात खुणा दिल्या आहेत: इंटरनेटवरून दिलेला पत्ता, पैसे भरलेलं कार्ड कुठलं, बिलिंग पत्ता, आयपी पत्ता, बँक खातं, सिमकार्डाचा देश-कोड आणि लँडलाइन. यातल्या एकमेकांशी न भांडणाऱ्या कोणत्याही दोन भारताच्या निघाल्या तर ग्राहक भारतातच आहे असं धरलं जातं.

आता फ्रँकफुर्टचा मुलगा घ्या. पत्ता त्याने फ्रँकफुर्टचा टाकला, पण ओटीपी `+91` च्या नंबरावर गेला आणि पैसे सांगलीच्या विश्रामबागेतून वडिलांनी त्यांच्या बँक खात्यातून भरले. दोन खुणा भारताच्या झाल्या. शिवाय जीएसटीत सेवेचा 'प्राप्तकर्ता' म्हणजे पैसे देणं ज्याच्यावर आहे तो, आणि इथे रुपये भारतातल्या माणसाने दिले. हे बिल निर्यातीचं करू नका. 18 टक्के जीएसटी लावून देशी बिल काढा आणि त्यावर ग्राहकाचं राज्य लिहा. ऑनलाइन सेवेच्या बिलावर नोंदणी नसलेल्या ग्राहकाचंही राज्य लिहावं लागतं.

हॅम्बुर्गच्या शाळेने व्हॅट क्रमांक दिला. जर्मन क्रमांक `DE` आणि नऊ अंक असा असतो. तो युरोपीय आयोगाच्या `VIES` या पानावर तपासा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. क्रमांक बरोबर निघाला तर ग्राहक व्यवसाय आहे, व्हॅट तो आपल्या देशात स्वतः भरतो. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात.

तपासा: नावापुढे `GmbH` ही जर्मन कंपनीची खूण आहे, लेटरहेड आहे, पण व्हॅट क्रमांक देत नाहीत? मग त्यांना साधा ग्राहक धरून व्हॅट लावणं सुरक्षित. क्रमांक दिलेला नाही तोवर तसं धरायची मुभा युरोपीय नियमच देतात. ब्रिटिश क्रमांक `VIES` वर सापडणार नाहीत, त्यासाठी ब्रिटिश सरकारचं वेगळं पान आहे.

## टप्पा 4: 11.90 मधून व्हॅट बाहेर काढा

युरोपात साध्या ग्राहकाला दाखवायची किंमत करासकट असते. म्हणून 11.90 वर 19 टक्के चढवायचे नाहीत, 11.90 च्या पोटातून ते काढायचे.

```
VAT = 11.90 × 19 / 119 = 1.90
Net = 11.90 − 1.90 = 10.00
```

सगळे 11.90 × 19 / 100 करतात आणि 2.26 हा आकडा काढतात. तो चूक आहे. दर बदलला की तुमच्या हातात उरणारी रक्कमही बदलते. तीच 11.90 ची वर्गणी फ्रान्समध्ये 20 टक्क्यांनी विकली तर व्हॅट 1.98 आणि हातात 9.92. हंगेरीत 27 टक्क्यांनी व्हॅट 2.53 आणि हातात 9.37. सगळीकडे एकच किंमत ठेवायची असेल तर नफ्याचं गणित हंगेरीच्या आकड्यावर मांडा, जर्मनीच्या नव्हे.

हॅम्बुर्गच्या शाळेला व्हॅट लागत नाही, म्हणून तिला निव्वळ किंमत लावा: 10.00 युरो. तिच्याकडून 11.90 घेऊन बिलावर 'व्हॅट शून्य' लिहिलं तर शाळा हक्काने 1.90 परत मागते.

## टप्पा 5: बिल

एकाच बिलावर दोन देशांचे कर दिसतात, याला बिचकू नका. आपला आयजीएसटी एलयूटीखाली शून्य, त्यांचा व्हॅट स्वतंत्र ओळीत. म्युनिकच्या विद्यार्थिनीचं बिल असं दिसेल:

```
TAX INVOICE
Invoice No: MRJ/26-27/00147     Date: 05/05/2026
Supplier: name, address (Miraj), GSTIN
EU OSS No: EUxxxxxxxxx    LUT ARN: ...
Customer: name, full address, Munich
Country of destination: Germany
Place of supply: Outside India (96)
SAC 9984  Online video subscription
Period: 05/05/2026 to 04/06/2026
Net                       EUR 10.00
IGST (export under LUT)   EUR  0.00
German VAT 19%            EUR  1.90
Total paid                EUR 11.90
SUPPLY MEANT FOR EXPORT/SUPPLY TO SEZ UNIT OR
SEZ DEVELOPER FOR AUTHORISED OPERATIONS UNDER
BOND OR LETTER OF UNDERTAKING WITHOUT PAYMENT
OF INTEGRATED TAX
```

यातल्या काही ओळींवर थांबायला हवं.

बिल क्रमांक जास्तीत जास्त 16 अक्षरांचा, आर्थिक वर्षात सलग आणि एकदाच वापरलेला हवा. अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं. गेटवेने दिलेला लांबलचक व्यवहार क्रमांक बिल क्रमांक म्हणून वापरू नका. तो सलग नसतो आणि बहुधा 16 अक्षरांत बसतही नाही.

तळातलं मोठ्या अक्षरांतलं वाक्य जीएसटीच्या नियम 46 मधलं आहे. याच नियमात कर भरून निर्यात करणाऱ्यांसाठी `ON PAYMENT OF INTEGRATED TAX` असं जवळजवळ तसंच दुसरं वाक्य आहे. नमुना दुसऱ्याच्या बिलावरून उचलला की ही दोन वाक्यं अदलाबदल होतात. तुमच्याकडे एलयूटी असेल तर `WITHOUT` हा शब्द आहे का, तेवढं डोळ्यांनी पाहा.

आयजीएसटीच्या ओळीत नुसतं शून्य लिहून कारण गाळू नका. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचा परतावा मागताना अधिकारी कारण विचारतात. आणि जर्मन व्हॅटला नुसतं 'टॅक्स' म्हणू नका. 'टॅक्स 1.90' पाहून तो जीएसटीच आहे असा समज वर्षाच्या शेवटी हिशेब लिहिणाऱ्याचाही होतो.

हॅम्बुर्गच्या शाळेच्या बिलात चार बदल करा. शाळेचा व्हॅट क्रमांक लिहा, व्हॅटची ओळ काढा, एकूण 10.00 ठेवा आणि खाली `Reverse charge: VAT to be accounted for by the recipient` हे वाक्य घाला. हे वाक्य नसेल तर शाळेचा हिशेबनीस बिल परत पाठवतो. निर्यातीचं वाक्य तसंच राहतं.

जीएसटी नोंदणीच नसेल तर बिलावर जीएसटीआयएन, एलयूटी आणि निर्यातीचं वाक्य यातलं काहीच लिहायचं नाही. जर्मन व्हॅटची ओळ मात्र असते.

बिल सेवा दिल्यापासून 30 दिवसांत निघायला हवं. मासिक वर्गणीला सोपा मार्ग म्हणजे कार्डातून पैसे कापले त्याच दिवशी बिल. मग दोन्ही देशांत तारीख एकच राहते आणि तिमाहीच्या सीमेवर घोळ होत नाही.

## टप्पा 6: पैसे परदेशातून आले, याचा कागद

बिल कितीही नेटकं असलं तरी पैसे परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तिथे रुपयांत, आल्याशिवाय निर्यात पूर्ण होत नाही. गेटवेमधून आलेले पैसे बँक खात्यात रुपयांतच जमा दिसतात आणि लोक तिथेच थांबतात. ते परदेशातून आले हे पासबुकावरून सिद्ध होत नाही. गेटवेकडून किंवा बँकेकडून परकीय रक्कम आल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे एफआयआरए, दर महिन्याला मागून घ्या. दोन वर्षांनी एकदम मागितलं तर मिळवताना दमछाक होते.

बिलाच्या तारखेपासून एक वर्षात पैसे आले नाहीत तर त्यानंतरच्या 15 दिवसांत त्या बिलावरचा आयजीएसटी 18 टक्के व्याजासह भरावा लागतो. कार्डाच्या वर्गणीत हा प्रश्न क्वचित येतो. शाळेला उधारीवर वार्षिक वर्गणी दिली तर येतो.

गेटवे आपली फी कापून बाकीचे पैसे देतो. बिल मात्र पूर्ण 11.90 चंच राहतं. फी हा तुमचा खर्च आहे, त्याची नोंद वेगळी. खात्यात जमा झालेल्या रकमेचं बिल काढणाऱ्याची विक्री दर महिन्याला थोडी थोडी कमी दिसते आणि व्हॅटही कमी भरला जातो.

## टप्पा 7: दोन्हीकडची रिटर्न

आपल्याकडे जीएसटीआर-1 मध्ये ही बिलं तक्ता 6A मध्ये एकेक करून, `WOPAY`, म्हणजे कर न भरता निर्यात, निवडून टाका. विद्यार्थिनी साधी ग्राहक आहे म्हणून तिचं बिल किरकोळ ग्राहकांच्या तक्त्यात टाकणं ही ठरलेली चूक. निर्यात ही निर्यातच, ग्राहक कोणीही असो. सेवेला शिपिंग बिल आणि पोर्ट कोड लागत नाही, त्या जागा रिकाम्या सोडा. जीएसटीआर-3B मध्ये ही रक्कम 3.1(b) मध्ये जाते. परताव्याचा अर्ज करताना हे दोन आकडे जुळले पाहिजेत.

युरोचे रुपये करताना सेवेसाठी कस्टमचा दर वापरायचा नसतो. जीएसटीच्या नियम 34 नुसार हिशेबाच्या मान्य पद्धतीचा, कर देय होण्याच्या तारखेचा दर घ्यायचा. समजा त्या दिवशी युरो 100 रुपयांना होता, तर निव्वळ विक्री 1,000 रुपये आणि जर्मन व्हॅट 190 रुपये. हे 190 रुपये उत्पन्नात धरू नका, देणं म्हणून वेगळ्या खात्यात ठेवा. 6A मध्ये मूल्य लिहिताना व्हॅट धरायचा की वगळायचा, हे सीजीएसटी कायद्याचं कलम 15(2)(a) समोर ठेवून सीएबरोबर एकदाच ठरवा आणि वर्षभर तीच पद्धत पाळा. अर्ध्या बिलांत एक आणि अर्ध्यांत दुसरी, यानेच जुळणी मोडते.

युरोपचं तिमाही रिटर्न आणि पैसे 30 एप्रिल, 31 जुलै, 31 ऑक्टोबर आणि 31 जानेवारीपर्यंत द्यायचे. त्या दिवशी रविवार आला तरी तारीख पुढे जात नाही. 5 मेचं आपलं बिल 31 जुलैच्या रिटर्नमध्ये, जर्मनीच्या ओळीत, 19 टक्के, 10.00 वर 1.90 असं जातं. हॅम्बुर्गच्या शाळेचं बिल या रिटर्नमध्ये येतच नाही. विक्री नसेल तरी शून्याचं रिटर्न भरावं लागतं. वर्गणी डॉलरमध्ये घेत असाल तर तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचा युरोपियन सेंट्रल बँकेचा दर लावा, रोजचा नको.

## टप्पा 8: वर्गणी परत केली तर

जूनमध्ये विद्यार्थिनीने पैसे परत मागितले आणि तुम्ही दिले. जुनं बिल पुसू नका, क्रमांकांची साखळी तुटते. मूळ बिलाचा क्रमांक लिहून क्रेडिट नोट काढा: निव्वळ 10.00, जर्मन व्हॅट 1.90, एकूण 11.90. परत करताना व्हॅटही परत करायचा, तो ठेवून घ्यायचा नाही.

जीएसटीत ही नोट त्या आर्थिक वर्षानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत दाखवता येते. युरोपात तिमाहीचं रिटर्न अजून भरलेलं नसेल तर आकडा तिथेच कमी करा. भरून झालं असेल तर पुढच्या रिटर्नमध्ये देश आणि मूळ तिमाही लिहून दुरुस्ती टाका. त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे.

आणि शाळेने महिनाभराने व्हॅट क्रमांक दिला, तोवर तिला 11.90 चं बिल गेलं असेल, तरी हीच रीत: आधी क्रमांक `VIES` वर तपासा, मग जुन्या बिलाची पूर्ण क्रेडिट नोट, नवं 10.00 चं रिव्हर्स चार्जचं बिल, आणि 1.90 युरो शाळेच्या खात्यावर परत.